‘पॉपकॉर्न लंग’ला ‘लाह्यांसारखं फुफ्फुस’ म्हणावं का?

प्रश्न : ‘वेपिंगवरच्या एका मराठी लेखात पॉपकॉर्न लंगसाठी “लाह्यांसारखी फुटलेली फुफ्फुसं” असं लिहिलेलं वाचलं. हे भाषांतर बरोबर आहे का? या आजाराला मराठीत नेमकं काय म्हणावं?’

नाही, बरोबर नाही. या आजारात फुफ्फुस लाहीसारखं फुटत नाही, फुलत नाही आणि दिसतही नाही. नावातलं पॉपकॉर्न रोगाच्या रूपावरून आलेलं नसून कारखान्यावरून आलेलं आहे.

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या जॅस्पर गावात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा एक कारखाना होता. तिथे पूर्वी काम केलेल्या आठ जणांना एकाच प्रकारचा फुफ्फुसांचा दुर्मीळ आजार झाल्याचं 2000 साली आरोग्य खात्याला कळवण्यात आलं. शोध घेतल्यावर धागा पोचला तो स्वाद मिसळण्याच्या खोलीत. तिथे तापवलेल्या सोयाबीन तेलाच्या टाकीत मीठ आणि लोण्याचा कृत्रिम स्वाद घालत, आणि झाकण उघडलं की त्याची वाफ थेट तोंडावर येई. त्या वाफेतलं मुख्य रसायन म्हणजे डायअ‍ॅसिटिल. हे लोण्यात निसर्गतःच थोडं असतं, खऱ्या लोण्याच्या वासात त्याचा मोठा वाटा आहे. खाण्यात आलं तर त्याची भीती नाही. पण पोटात जाणं वेगळं आणि छातीत जाणं वेगळं. ‘खाण्यास सुरक्षित’ हे शब्द श्वासाला लागू होत नाहीत, आणि वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, स्वादाच्या द्रवाबद्दल लिहिताना नेमकी हीच गल्लत होते.

आता मूळ नाव पाहू. डॉक्टर याला ‘ब्राँकिओलायटिस ऑब्लिटेरन्स’ म्हणतात. ‘ब्राँकिओल’ म्हणजे श्वासनलिकेचे फाटे फुटत फुटत शेवटी उरलेल्या, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या. त्यांना मी ‘श्वसनिका’ म्हणते. मोठ्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो, श्वसनिकांना नसतो. ‘ऑब्लिटेरन्स’च्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ लिहिलेलं पुसून टाकणं, आणि त्यात ‘अक्षर’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे. पाटी पुसावी तशी नळीची पोकळी पुसली जाते. मराठीत याला अगदी चपखल क्रियापद आहे : बुजणे.

इथे मराठी जो भेद सहज करते तो जपायला हवा. नळी तुंबते, आवळते किंवा बुजते. कफ अडकला की तुंबते आणि खोकून मोकळी होते. दम्यात भोवतीचा स्नायू आकसतो म्हणून आवळते, औषधाचा फवारा घेतला की सैल पडते. पण टोचलेल्या कानात बरेच दिवस काही घातलं नाही की भोक बुजतं, म्हणजे कडेचं मांसच आत वाढून जागा खाऊन टाकतं. श्वसनिकेत होतं ते हे तिसरं. म्हणून ‘श्वसननलिका आकुंचन पावतात’ असं या आजाराबद्दल लिहिलेलं मला खटकतं. त्यातून दमा डोळ्यांसमोर येतो, आणि औषधाने नळी पुन्हा उघडेल अशी आशाही.

बुजण्याची क्रिया आतून अशी चालते. डायअ‍ॅसिटिलचा रेणू प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाला चिकटतो आणि नळीच्या अस्तराच्या पेशी मरतात. साधी जखम असती तर नवं अस्तर धरलं असतं. पण रोज मार बसत राहिला की दुरुस्ती बिघडते. अस्तराखाली तंतुमय वणाचं कडं चढत जातं आणि पोकळी चहूबाजूंनी आत सरकते. हे रसायन पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे नाकाने श्वास घेतला तर त्यातलं बरंचसं नाकाच्या ओलसर आतल्या बाजूतच शोषलं जातं. वेप मात्र तोंडाने ओढतात. नाकाची चाळणी टळते आणि जास्त माल खोलवर, श्वसनिकांपर्यंत उतरतो.

नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून हवा जाण्याचा विरोध सोळापट होतो. तरी सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही, कारण श्वसनिका हजारोंनी असतात आणि निम्म्याअर्ध्या बुजेपर्यंत बाकीच्या काम रेटतात. मग कोरडा खोकला येतो आणि जिना चढताना धाप लागते. एक्सरे बहुतेक वेळा साफ असतो. खरं चित्र फुंकण्याच्या चाचणीत दिसतं. समजा, एखाद्या तरुणाने जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात 4 लिटर हवा बाहेर पडायला हवी, पण पडते 2 लिटर. त्याला फवारा देऊन पुन्हा फुंकायला सांगितलं. दमा असता तर आकडा चांगला वर गेला असता. इथे तो 2 च्या आसपासच राहतो, कारण बुजलेलं फवाऱ्याने उघडत नाही. श्वास सोडलेल्या अवस्थेत सीटी स्कॅन केला तर फुफ्फुसात काळे-करडे ठिपके ठिगळांसारखे दिसतात, काळ्या भागांत हवा कोंडून राहिलेली असते. वण मागे फिरवणारं औषध नाही. जॅस्परच्या कामगारांपैकी काहींची नावं फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत गेली होती.

आता वेप. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 साली 51 स्वादांचे द्रव तपासले, त्यांतल्या 39 मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं. लोणी, कॅरॅमल, कस्टर्ड अशा गोड-मलईदार चवींसाठी ते घालतात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने 2016 साली कामाच्या जागी सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या 100 कोटी भागांत फक्त 5 भाग एवढी आहे. पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी : वेपमधल्या डायअ‍ॅसिटिलमुळेच श्वसनिका बुजल्या असा पक्का सिद्ध झालेला रुग्ण अजून नोंदलेला नाही. सिगारेटच्या धुरातही हे रसायन असतं, तेही वेपपेक्षा बरंच जास्त. म्हणून ‘वेप ओढला की पॉपकॉर्न लंग होतो’ असं ठाम लिहू नये. ‘डायअ‍ॅसिटिल श्वसनिका बुजवू शकतं हे कारखान्यातून कळलं, आणि ते अनेक वेप-द्रवांत सापडलं’ एवढं लिहावं. तेवढंही पुरेसं गंभीर आहे. 2019 साली अमेरिकेत वेपमुळे फुफ्फुसं बिघडून लोक दगावले, तो आजार निराळा. त्याचा संबंध मुख्यतः ई जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटशी जोडला गेला. त्याला पॉपकॉर्न लंग म्हणणं चूक.

बाटलीवरच्या ‘डायअ‍ॅसिटिल-मुक्त’ या शब्दाबद्दलही लिहिते, कारण ‘मुक्त’ला मराठीत फार मोठा अर्थ आहे. त्या जागी पुष्कळदा पेंटेनडायोन वापरतात. ते त्याचं सख्खं भावंड, आणि उंदरांच्या श्वासमार्गाला त्यानेही तशीच इजा होते. अ‍ॅसिटॉइन नावाचं लोण्याच्या स्वादाचं दुसरं रसायन घातलं असेल तर ठेवल्या ठेवल्या त्यातलं काही बाटलीतच डायअ‍ॅसिटिलमध्ये बदलतं, निकोटिन असेल तर अधिक वेगाने. भरताना नसलेलं ओढताना असू शकतं. भाषांतर करताना मी इथे ‘डायअ‍ॅसिटिल न घातलेले’ असं लिहीन.

आणि रोगाचं नाव? पहिल्या उल्लेखात ‘श्वसनिका बुजण्याचा आजार, म्हणजेच पॉपकॉर्न लंग’, पुढे नुसतं ‘पॉपकॉर्न लंग’. लाह्या नकोत. ‘लाही’ म्हटलं की मराठी माणसाला अंगाची लाही लाही आठवते, आग आणि दाह आठवतो, आणि या रोगात बहुतेक काळ आग मुळीच होत नाही.