पंधरा मिनिटांच्या व्यायामासाठी मुख्याध्यापकांना पत्र

प्रश्न : शाळेत रोज पंधरा मिनिटांची व्यायामाची सुट्टी असावी, असे पत्र मुख्याध्यापकांना द्यायचे आहे. त्यात काय लिहावे?

व्यायामाचे फायदे लिहू नका. ते मुख्याध्यापकांना पाठ असतात. फार तर 2012 साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत सुरू झालेल्या ‘डेली माइल’चा उल्लेख एका वाक्यात करावा. तिथे मुले रोज पंधरा मिनिटे गणवेशातच धावतात किंवा चालतात; कपडे बदलण्यात वेळ जात नाही, म्हणूनच ते जमते. उरलेले पत्र वेळापत्रकाविषयी असावे.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. असाच प्रस्ताव मी दिला, तेव्हा गणित शिकवणाऱ्या आमच्या पर्यवेक्षिका बाईंनी विचारले, “ही मिनिटे कोणाच्या तासातून कापणार? आणि घामाघूम होऊन आलेली मुले शांत होईपर्यंत माझा अर्धा तास जातो, त्याचे काय?” हिशेब सोपा होता. पस्तीस मिनिटांच्या आठही तासिका दोन-दोन मिनिटांनी कमी केल्या की सोळा मिनिटे मिळतात आणि कोणत्याही एका विषयावर भार पडत नाही. ही मिनिटे मधल्या सुट्टीच्या लगेच आधी ठेवावीत, म्हणजे पोट भरलेले नसते आणि दम घेणे, पाणी पिणे, हात धुणे हे सारे सुट्टीतच उरकते. सुट्टीनंतर मुले नेहमीसारखीच वर्गात येतात, त्यामुळे बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला जागाच उरत नाही. तरीही त्यांचे समाधान झाले नाही, कारण त्यांचा खरा आक्षेप मिनिटांना नव्हताच. वार्षिक परीक्षा जवळ आली की पीटीचा तास हक्काने गणिताकडे वळवायची त्यांना सवय होती.

सगळी शाळा एकदम मैदानावर आणण्याचा आग्रह धरू नये, कारण जिन्यावरच्या गर्दीत निम्मी मिनिटे संपतात आणि चेंगराचेंगरीची भीती असते ती वेगळीच. तळमजल्यावरच्या तुकड्या मैदानावर जाव्यात आणि वरच्यांनी बाकांशेजारी उभे राहून जागेवर धावावे, हात-खांदे फिरवावेत. पावसाळ्यात सर्वांनीच तसे करावे. देखरेख आधीच्या तासिकेच्या शिक्षकांकडेच राहावी. उठाबशा मात्र यादीत घेऊ नयेत. आपल्याकडे ती शिक्षा मानली जाते आणि मुले पहिल्याच दिवशी तोंड फिरवतात.

एक वाक्य मात्र न विसरता घाला : ‘ही मिनिटे परीक्षेच्या काळातही अन्य कोणत्याही विषयासाठी वापरली जाणार नाहीत.’ तोंडी आश्वासनावर विसंबू नका; गणिताच्या बाई प्रत्येक शाळेत असतात.

पत्र एकट्याच्या नावाने देण्याऐवजी पालक-शिक्षक संघातर्फे द्यावे, आणि आधी एकाच इयत्तेसाठी महिनाभराची परवानगी मागावी. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांच्या पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी घेण्याची तरतूदही पत्रातच असावी, नाहीतर पहिला नकार त्याच कारणावरून येईल.