शिष्यवृत्तीचा अर्ज: पासवर्ड कोणाच्या खिशात?

मुलगी अकरावीत आहे. शिष्यवृत्तीसाठी गूगलवर राज्याचं पोर्टल ‘महाडीबीटी’ टाकलं की दहा साइट येतात. खरी कोणती?

mahadbt.maharashtra.gov.in. केंद्राच्या योजनांसाठी scholarships.gov.in. पत्ता मी शेवटाकडून वाचते. https:// नंतर पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या. त्याचा शेवट टिंब-gov-टिंब-in असा हवा. gov च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असली, किंवा in नंतर आणखी काही जोडलेलं असलं, तर ती साइट सरकारची नाही. नावात ‘महाडीबीटी’ आहे, वर राजमुद्रा आहे, याला काही अर्थ नाही. चित्र कुणीही चिकटवतं. शोधात सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं दिसलं तर ते सोडून द्या आणि पत्ता स्वतः टाइप करा.

सायबर कॅफेवाला अर्जाचे ८०० रुपये मागतो. म्हणतो, सरकारी फी धरून.

अर्जाला सरकारी फी शून्य रुपये आहे. स्कॅन, झेरॉक्स, टायपिंग या कामाचे पैसे देणं वेगळं, ते ठरवून द्या. ‘साहेबांकडून मंजूर करून देतो, रक्कम आली की वीस टक्के’ असं कोणी म्हणालं की उठून निघा. अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग पुढे संबंधित विभाग. एजंटला यात कुठेच जागा नाही.

गेल्या वर्षी एजंटने भरला. पैसे आले नाहीत, आता तो फोन उचलत नाही.

बहुतेक वेळा गोष्ट अशी घडते. एजंटने नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरवर केलेली असते. उत्पन्नाचा दाखला जुना, म्हणून कॉलेज अर्ज परत पाठवतं. निरोप जातो एजंटच्या फोनवर. तो बघत नाही, दुरुस्तीची मुदत टळते, आणि घरात सगळे समजून असतात की अर्ज ‘पुढे गेलाय’.

म्हणून आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा आणि अर्ज नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. मग पोर्टलवर युजरनेम-पासवर्ड परत मिळवायचा प्रयत्न करा. ओटीपी एजंटच्याच नंबरवर जात असेल, तर पोर्टलवरच्या तक्रार विभागात तसं लिहा, आणि त्या तक्रारीची प्रत कॉलेजलाही द्या. नवी नोंदणी घाईने करू नका, आधीच्या नोंदणीत अडकते.

अर्ज मंजूर दिसतोय, तरी पैसे नाहीत? मग बँकेचं बघा. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, पासबुकची झेरॉक्स जोडली त्या खात्यात जाईलच असं नाही. myaadhaar.uidai.gov.in वर लॉग-इन करून ‘Bank Seeding Status’ उघडा. तिथे दिसेल ती बँक तुमचीच आहे ना? एका ताईंच्या बाबतीत तिथे दोन वर्षांपूर्वी उघडून विसरलेलं खातं निघालं, आणि पैसे त्यातच पडून होते.

एजंटने ओटीपी घेऊन खात्यातूनच पैसे काढले असतील, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.