राजीनाम्यानंतर ईसॉपचे काय होते?

प्रश्न: नाशिकमधल्या सातपूरच्या एका खासगी कंपनीने मला ४०० ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय, दिले असून दरवर्षी १०० व्हेस्ट होतात, म्हणजे वापरण्याचा हक्क मिळतो. सव्वादोन वर्षांनी राजीनामा दिल्यास काय उरेल?

उत्तर: व्हेस्ट झालेले २०० पर्याय तुमचेच राहतील आणि उरलेले २०० राजीनाम्याच्या दिवशी रद्द होतील. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२(१)(ब) खालील भागभांडवल नियमांपैकी नियम १२ मध्ये हे स्पष्ट आहे. पर्याय देणे आणि पहिले व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचे अंतर हवे, ही अटही तिथलीच. मात्र व्हेस्ट झालेले पर्याय वापरण्याची मुदत कायदा ठरवत नाही, ती कंपनीच्या योजनेत असते आणि ती उलटली की हक्क संपतो, म्हणून राजीनामा देण्याआधी योजनेची प्रत मागून ते कलम स्वतः वाचाच. पैशांची तयारीही तेव्हाच करावी: वापर किंमत ५० रुपये आणि शेअरचे बाजारमूल्य २५० रुपये असेल, तर तुम्ही १०,००० रुपये भराल, परंतु फरकाचे ४०,००० रुपये पगाराचे उत्पन्न धरले जाऊन त्यावर कर लागेल, मग शेअर विकता येवोत वा न येवोत.