मालक सगळं लिहून देतोय, मग ड्यू डिलिजन्स कशाला?

प्रश्न: "देवगडजवळची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बर्फाची फॅक्टरी, आम्ही दोघं भाऊ शेअर्ससकट पूर्ण विकत घेतोय. शेअर परचेस अ‍ॅग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये वॉरंटी आणि इंडेम्निटी दोन्ही आहेत. मालक सगळं लिहून द्यायला तयार आहे, तर ड्यू डिलिजन्सवर वेगळा खर्च करायची गरज आहे का? आणि या दोन्हीत नक्की फरक काय?"

उत्तर:

ड्यू डिलिजन्स म्हणजे घेण्याआधी कंपनीची नीट तपासणी. त्यावर खर्च करा, आणि तो सही करायच्या आधी करा. मी कुडाळला सीए आहे, छोट्या कंपन्यांचे असे व्यवहार बरेच बघितलेत. फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका काजू कारखान्याचा व्यवहार सांगतो, मी घेणाऱ्याच्या बाजूने होतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील आणि आकडे बदललेत.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही मशिनरी किंवा जागा विकत घेत नाही, कंपनी घेताय, आणि कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, मालक बदलला तरी ती तीच राहते. म्हणजे तिचं 2021 मध्ये जे भरायचं राहिलं ते 2026 मध्येसुद्धा तिच्याच बोकांडी असतं, फक्त आता तिच्या मागे तुम्ही उभे असता. नोटीस जुन्या मालकाच्या घरी जात नाही, फॅक्टरीच्या गेटवर येते.

काजूच्या कंपनीत तीन भाऊ शेअरहोल्डर होते, दोघं गावात, एक मुंबईला. 100 टक्के शेअर्सची किंमत 1 कोटी 60 लाख ठरलेली. मालकांनी पीएफचे चलन दिले, दर महिन्याचा ईसीआर, म्हणजे पीएफ ऑफिसला जाणारी कामगारांची नावनिशी यादी, व्यवस्थित, 22 माणसं. कागद बघितले तर सगळं स्वच्छ. मी कारखान्यात दोन दिवस जाऊन बसलो कारण कागद फक्त जे लिहिलंय तेच सांगतात. तिथे बी फोडायला आणि गर सोलायला बसलेल्या बायका मोजल्या तर एका शेडमध्येच तीसच्या वर. मग कॅशियरकडे दिवाळीच्या बोनसची यादी मागितली, वहीत हाताने लिहिलेली, नावापुढे रक्कम आणि सही नाहीतर अंगठा. यादीत 49 नावं. म्हणजे 27 बायका पीएफमध्ये नव्हत्याच.

थोरल्या भावाला विचारलं तर म्हणाले, "आमच्या वाडीतल्याच बायका त्या, काम असला की येतत." किलोवर पैसे देतो, कामगार म्हणून ठेवलेल्या नाहीत, हे त्यांना मनापासून वाटत होतं. पण पीएफच्या कायद्यात पीस रेटवर किंवा ठेकेदारामार्फत काम करणारेही कामगारच धरले जातात, आणि वहीत तर त्या वर्षभर येत होत्या.

आता हिशेब बघा. महिन्याला सरासरी 8,000 रुपये धरले तर कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के मिळून एकीचे 1,920. 27 जणींचे महिन्याला 51,840, तीन वर्षांचे 18 लाख 66 हजार. कामगाराचा हिस्सा तर तिच्याकडून घ्यायचा ना, असं सगळे विचारतात, पण मागच्या महिन्यांचा हिस्सा नंतर पगारातून कापता येत नाही, दोन्ही हिस्से कंपनीच भरते. त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज, म्हणजे सरासरी दीड वर्ष धरलं तरी साधारण 3 लाख 36 हजार, आणि उशिराचा दंड वेगळा. आम्ही सगळं मिळून 25 लाखांचा अंदाज धरला. किंमत 1 कोटी 60 लाख आणि लपलेलं देणं 25 लाख.

इथे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर येतं. ड्राफ्टमध्ये वॉरंटी होतीच: "कंपनीने सर्व पीएफ देणी वेळेवर भरली आहेत." मालक म्हणाले मी सही करतो. पण वॉरंटी म्हणजे एक विधान, ते खोटं निघालं तर करारभंग होतो आणि मग नुकसानभरपाई मागायची. त्यासाठी भंग झाला हे दाखवायचं, नुकसान किती ते सिद्ध करायचं, ते त्याच भंगामुळे झालं आणि लांबचं नाही हे दाखवायचं, आणि नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं याचा जबाबही द्यायचा. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 73 ची ही वाट आहे, आणि ओरोसच्या कोर्टात ती चालायची म्हणजे वर्षं जातात.

त्याहून मोठी अडचण अशी की वॉरंटीसोबत डिस्क्लोजर लेटर असतं. त्यात विकणारा लिहितो की अमुक वॉरंटीला अमुक अपवाद आहे. 27 बायकांची गोष्ट त्यात लिहिली की ती तुम्हाला माहीत होती, मग त्या वॉरंटीवर दावा संपला. आणि नाही लिहिली पण तुम्हाला माहीत होती हे त्यांनी दाखवलं तरी भांडण लागतं. फसवणूक म्हणून करार रद्द करू म्हणाल तर कलम 19 आडवं येतं, चुकीच्या माहितीने किंवा गप्प बसून संमती घेतली असेल पण साध्या चौकशीने सत्य कळण्यासारखं होतं तर करार रद्द करता येत नाही. उघड खोटं बोलून फसवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणं जड जातं. म्हणून "मालक लिहून देतोय" हे चौकशी न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

मग सापडलेल्या गोष्टीचं काय करायचं? तिच्यासाठी इंडेम्निटी, म्हणजे ठरलेलं देणं आलं तर ते भरून द्यायचं वचन, आणि तेही त्या गोष्टीचं नाव घेऊन. आम्ही लिहिलं ते साध्या भाषेत असं होतं: व्यवहाराच्या तारखेच्या आधीच्या काळासाठी, पीएफमध्ये न घेतलेल्या कामगारांबद्दल कंपनीवर जी काही मूळ रक्कम, व्याज, दंड आणि वकील खर्च येईल तो तिन्ही विक्रेते रुपयाला रुपया भरून देतील, घेणाऱ्याला आधीपासून माहीत असलं तरी, आणि डिस्क्लोजर लेटरमध्ये काहीही लिहिलं असलं तरी. शेवटची दोन वाक्यं नसतील तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही. इंडेम्निटीत करारभंग सिद्ध करायचा नसतो, ठरलेली घटना घडली की पैसे. आणि पैसे खिशातून गेल्यावरच मागता येतात असंही नाही, मुंबई हायकोर्टाने 1942 मध्येच गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या केसमध्ये सांगितलंय की देणं पक्कं झालं की इंडेम्निटी देणाऱ्याला ते फेडायला लावता येतं. तरी करारात हे स्पष्ट लिहून घ्या, केस शोधत बसायला लागू नये.

ड्राफ्ट हातात आला की मी सगळ्यात आधी इंडेम्निटी कोण देतोय ते बघतो. त्या ड्राफ्टमध्ये "कंपनी आणि विक्रेते" असं होतं. कंपनीने तुम्हाला भरपाई द्यायची म्हणजे उद्या तुमच्याच उजव्या खिशातून डाव्या खिशात. कंपनीचं नाव काढा, फक्त विकणारे हवेत. आणि विकणारे तीन असतील तर प्रत्येकजण पूर्ण रकमेला जबाबदार असं लिहा, नाहीतर मुंबईचा भाऊ म्हणतो माझ्या तिसऱ्या हिश्शापुरतं बघतो आणि गावातले म्हणतात पैसे घराच्या बांधकामात गेले. कलमांची बाग आहे म्हणतात, पण सातबाऱ्यावर सात नावं असतात, त्यातून वसुली करायची म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

त्यामुळे आम्ही 25 लाख किमतीतून मागे ठेवले. 1 कोटी 35 लाख सहीच्या दिवशी, 25 लाख 24 महिन्यांनी, मधे पीएफचं काही आलं तर त्यातून वजा. मोठ्या व्यवहारात यासाठी बँकेत एस्क्रो खातं काढतात, म्हणजे पैसे दोघांकडेही न राहता ठरलेली अट पुरी होईपर्यंत तिथे अडकून राहतात, पण छोट्या व्यवहारात त्याची फी आणि कागद जड होतात, रक्कम घेणाऱ्याकडेच ठेवली आणि व्याज विक्रेत्यांना द्यायचं ठरलं तेव्हा ते तयार झाले. पुढच्या तारखेचे चेक घेऊन समाधान मानू नका, ते वटतीलच याची खात्री नसते. किंमतच 25 लाखांनी कमी करा असंही म्हणता येतं, पण विक्रेत्यांना नोटीस येणारच नाही अशी खात्री होती, आणि ज्याला अशी खात्री असते त्याला पैसे मागे ठेवणं पटतं, किंमत पाडणं पटत नाही.

मग वॉरंटी कशाला, इंडेम्निटीच सगळ्याला घेऊ, असं वाटेल. पण जे तुम्हाला सापडलंच नाही त्याचं नाव घेऊन इंडेम्निटी लिहिणार कशी? तिथे वॉरंटी लागते, आणि तिचं अर्धं काम तर सहीच्या आधीच होतं. आम्ही वॉरंटीचं एकेक वाक्य तिन्ही भावांसमोर मोठ्याने वाचलं. "कंपनीने कोणाच्याही कर्जाला हमी दिलेली नाही" इथे मधला भाऊ थांबला, म्हणाला चुलत भावाच्या बोटीच्या कर्जाला कंपनीची हमी आहे बहुतेक. आरओसीच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी निबंधकाच्या चार्ज सर्चमध्ये हे दिसलंच नसतं, कारण तिथे कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा दिसतो, नुसती हमी नाही. बँकेकडून ती हमी सोडवून घेईपर्यंत आम्ही सही थांबवली.

पुढे काय झालं ते सांगतो. 14 महिन्यांनी पीएफचा इन्स्पेक्टर आला, चौकशी झाली, शेवटी व्याज आणि दंड धरून 21 लाख 30 हजार भरावे लागले. मागे ठेवलेल्या रकमेतून गेले, उरलेले 3 लाख 70 हजार आणि व्याज तिन्ही भावांना मुदतीला दिले. त्या बायकांची पीएफ खाती निघाली, त्यातल्या बऱ्याच जणी अजून तिथेच कामाला आहेत.

तुमच्या बर्फाच्या फॅक्टरीत मी पहिल्या दिवशी हेच बघेन की सिझनमध्ये लाद्या काढायला आणि गाड्या भरायला किती माणसं असतात आणि ईसीआरमध्ये किती आहेत. रोजचा खर्च लिहायची वही आणि ठेकेदाराची बिलं मागा, मासेमारी बंदीच्या पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा फॅक्टरी रिकामी दिसते. दुसरं म्हणजे बर्फाच्या प्लँटमध्ये अमोनिया असतो, तेव्हा प्रदूषण मंडळाचं कन्सेंट आणि फॅक्टरी लायसन्स कंपनीच्या नावावर, चालू मुदतीचं आणि आहे त्याच क्षमतेचं आहे का ते बघा. तिसरं वीज. बर्फाच्या फॅक्टरीत विजेचं बिल हाच मोठा खर्च, जुनी थकबाकी किंवा मंजूर लोडपेक्षा जास्त वापर असेल तर तो कंपनीच्याच नावावर राहतो, मागच्या तीन वर्षांची बिलं मागून घ्या. यातलं जे सापडेल त्याला नाव घेऊन इंडेम्निटी आणि त्या अंदाजाइतकी रक्कम मागे, आणि वॉरंट्या मालकासमोर बसून मोठ्याने वाचा.