बाळाच्या कॉटचं माप: गजांमधली फट आणि गादीची कड

प्रश्न: सुताराकडून बाळाचा कॉट बनवून घेतोय. तो ४ बाय २ फूट म्हणतो. माप बरोबर आहे का? कठड्याच्या गजांमध्ये आणि गादीच्या कडेला किती फट चालते?

माप चांगलं आहे, पण ते आतून घ्या. सुतार बहुतेकदा बाहेरून मोजतात. मग चौकटीच्या लाकडात चार-पाच सेंमी जातात आणि गादी बसत नाही. आतून ४ बाय २ फूट म्हणजे १२२ बाय ६१ सेंमी. त्यात युरोपात रूढ असलेली १२० बाय ६० सेंमीची गादी नीट बसते.

गजांमधली फट ६ सेंमीच्या वर जाऊ देऊ नका. अमेरिकेच्या नियमात हीच कमाल मर्यादा आहे. कारण असं की बाळ पायाकडून घसरतं. रुंद फटीतून कंबर, छाती बाहेर जाते आणि डोकं अडकून बाळ मानेवर लटकतं. दुसरीकडे युरोपीय मानकात ४.५ सेंमीपेक्षा कमी फटही चालत नाही. म्हणून पाचच्या आसपास ठेवा. गज ३ सेंमी रुंद असतील तर लांब बाजूला १४ गज लावा: १२२ मधून ४२ वजा केले की ८० उरतात, फटी १५, म्हणजे प्रत्येकी साधारण ५.३ सेंमी. १३ गजांत फट ५.९ होते, कागदावर बसते, पण गज जरा वाकला की मर्यादा ओलांडली. आखूड बाजूला ७ गज, फट ५ सेंमी. सुताराकडून ६ सेंमी जाडीचा गुटका कापून घ्या आणि प्रत्येक फटीत जोर लावून घालून पाहा. कुठेही आरपार जाता कामा नये.

गादी एका कोपऱ्यात पूर्ण सरकवा, मग समोरच्या दोन्ही कडांना उरलेली फट मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त नको. दोन बोटं सहज शिरली तर गादी लहान आहे. त्या खाचेत बाळाचं तोंड रुतलं तर त्याला मान वळवता येत नाही. माझ्या भावाकडे हेच झालं होतं: कॉट अमेरिकन मापाचा, आतून सुमारे १३३ बाय ७१ सेंमी, आणि गादी १२० बाय ६०. सरकवल्यावर एका बाजूला ११ सेंमी, पायाशी १३. आईने तिथे गोधडीची गुंडाळी खोचली होती. ती काढायला लावली, कारण मऊ कापड बाळाच्या नाकावर येऊ शकतं. गादीच बदलली.

कापसाची गादी वापरू नका. ती दबते, कडा गोल होतात आणि पहिल्या दिवशी नसलेली फट दोन महिन्यांत दिसते. १० सेंमी जाडीचा घट्ट फोम घ्या. फळीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत ६० सेंमी उंची ठेवा, म्हणजे गादीवर ५० उरतील. बाळ धरून उभं राहायला लागलं की तेवढी लागतेच.