मनापासून आभार मानायचे, पण नाटकी वाटू नयेत

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. माझी मुलगी शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत शेजारच्या काकूंकडे असते. त्या एक पैसा घेत नाहीत. मी रोज तिला घेऊन निघताना ‘थँक्यू काकू’ म्हणते, तर त्या म्हणतात, ‘आम्हाला परकं समजतेस का?’ एकदा नीट समोर बसून बोलावं असं फार वाटतं, पण नेमकं काय बोलायचं ते सुचत नाही. आणि बोलले तरी ते नाटकी वाटेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : तुमच्यासारखीच अडचण घेऊन ठाण्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्यांची हकीकत सांगते. त्यात तुम्हाला हवं ते बरंचसं आहे.

त्यांच्या आईला पक्षाघात झाला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. आई सांगलीजवळच्या गावी थोरल्या मुलाकडे होती, म्हणजे खरं तर थोरल्या सुनेच्या हाती होती. हे धाकटे. दर महिन्याला पैसे पाठवायचे, रविवारी फोन करायचे आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायचे, ‘वहिनी, थँक्यू हं, तुम्ही आईचं खूप करता.’ एका रविवारी वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, ते थँक्यू राहू द्या,’ आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. हे हादरले. माझ्यासमोर बसून पुनःपुन्हा म्हणत होते, ‘मी खोटं नाही हो बोलत. मला खरंच वाटतं ते.’

त्यांना खरंच वाटत होतं, यात मला शंका नव्हती. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, वहिनी आईसाठी काय काय करतात ते लिहा. त्यांनी लिहिलं : जेवण भरवतात, औषधं देतात, स्वच्छता ठेवतात, आईचं सगळं बघतात. पुढे पेन थांबलं. रात्री काय होतं? आई पाणी कशी पिते? आंघोळ कोण घालतं आणि कशी? एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मला समुपदेशनात हे वारंवार दिसतं. आभार मोघम होतात ते भावना कमी पडते म्हणून नव्हे, समोरच्याने नेमकं काय केलं हेच ठाऊक नसतं म्हणून. आणि ज्याने केलंय त्याला ते लगेच कळतं.

म्हणून आधी बोलायचं नाही, बघायचं असं ठरलं. रजा काढून गावी जायचं, पाहुण्यासारखं बसायचं नाही, रात्रीचं काम आपल्याकडे घ्यायचं आणि या मुक्कामात आभाराचा शब्दही काढायचा नाही.

परत आले तेव्हा त्यांचा कागद भरलेला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना, कुल्ह्यांवर दाब पडून जखमा होतात. त्यासाठी वहिनी रात्री गजर लावून उठत होत्या. आईला पातळ पाण्याने ठसका लागायचा, म्हणून ते जरा दाट करून, पाठीशी उशा लावून, चमच्या चमच्याने पाजायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. कूस बदलताना त्या दर वेळी पाठीवर बॅटरीचा उजेड टाकून कुठे लाल चट्टा उठलाय का ते बघायच्या. इतके महिने अंथरुणात असूनही आईच्या अंगावर एक जखम नव्हती.

पण त्यांच्या मनात घर केलं ते केसांनी. आईचे केस लांब. आजारपणात निगा राखायला सोपं जावं म्हणून ते कापून टाका, असं आल्यागेल्याने सांगून झालं होतं. वहिनींनी कापले नव्हते. रोज दुपारी तेल लावून त्या दोन बाजूंना दोन वेण्या घालायच्या. मागे एक वेणी किंवा अंबाडा घातला, तर उशीवर डोकं टेकल्यावर गाठ रुतते.

आता बोलायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. त्यांनी मोठं पान भरून मसुदा लिहून आणला आणि आम्ही तो कापायला बसलो. ‘तुमच्यासारखी वहिनी लाखात एक’ आधी गेलं, कारण ते कुठल्याही वहिनीला लागू पडतं. मग गेला तो मोठा परिच्छेद : मी करंटा, मला काहीच करता आलं नाही, मला माफ करा. ही माफी खरी होती, पण आभारात ती आली की समोरच्या बाईला उलट आपलीच समजूत काढावी लागते. ‘अहो भाऊजी, असं काय म्हणता, तुमची नोकरी आहे’ हे तिच्या तोंडून वदवून घेतलं जातं. माफी मागायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळी मागावी.

‘तुमच्यामुळे मी निर्धास्तपणे नोकरी करू शकलो’ हे वाक्य मी खोडलं नाही, फक्त शेवटी नेलं. सेरा अल्गो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जोडप्यांमधल्या आभाराच्या संवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला काय फायदा झाला’ याच्या वर्णनापेक्षा ‘तू जे केलंस त्यातून तू कशी आहेस हे दिसतं’ असं म्हणणं ऐकणाऱ्याला जास्त भावतं, असं त्यात आढळलं. ते अभ्यास परदेशातले आहेत, पण आपल्या घरांमध्येही मला हेच अनुभवाला येतं. निव्वळ स्वतःच्या सोयीबद्दल आभार मानले तर ऐकणाऱ्याला आपण कामाला आलो एवढंच कळतं.

कुठे आणि कधी बोलायचं, यावरही बराच वेळ गेला. त्यांच्या मनात गणपतीत सगळे जमल्यावर साडी देऊन चारचौघांत बोलायचं होतं. मी विरोध केला. चारचौघांत माणूस हसून वेळ मारून नेतो, आणि साडी हातात पडली की बोलणं साडीवर जातं. शिवाय थोरल्या भावाला सगळ्यांसमोर उणं वाटलं असतं ते वेगळंच. जेवणानंतर आईला बसवून ठेवायचा तो अर्धा तास त्यांनीच सुचवला. वहिनी तेव्हा वेण्या घालत शेजारी बसलेल्या असतात. हाताला काम असलं आणि नजर सारखी भिडत नसली, की आपल्याकडच्या माणसांना असं बोलणं सोपं जातं.

ते बोलले ते एवढंच : ‘वहिनी, आईचे केस कापा असं सगळे म्हणत होते. तुम्ही कापले नाहीत. रोज वेण्या घालता, त्याही तिला रुतणार नाहीत अशा. आई बोलू शकत नाही, तरी तिला काय आवडायचं ते तुम्ही विसरला नाहीत. मी रात्री उठून बघितलं, दोन रात्रींत थकलो. तुम्ही हे रोज करता. तुम्ही आहात म्हणून मी तिकडे शांत झोपतो.’

वहिनी म्हणाल्या, ‘त्यात काय, कोणीही केलं असतं.’

ह्या उत्तराची आम्ही तयारी केली होती. बहुतेक जण इथे गडबडतात. ‘नाही नाही, तुम्ही ग्रेट आहात’ म्हणत वाद घालतात किंवा ओशाळून विषय बदलतात. आपल्याकडे आभार झटकून टाकणं ही रीतच आहे, तो नकार नव्हे. ते म्हणाले, ‘केलं असतं कदाचित. पण केलंत तुम्ही,’ आणि तिथेच बसून राहिले.

थोड्या वेळाने वहिनी स्वतःहून बोलू लागल्या. पहिल्या महिन्यात टाचेवर चट्टा उठला होता तेव्हा किती घाबरल्या होत्या, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची हे कुणी शिकवलं, वेणी घालताना आई डोळे कशी मिटते. आणि मग हेही : ‘तुम्ही दर रविवारी आईंचं विचारता भाऊजी. मी कशी आहे ते कधी विचारलं नाहीत.’

ह्या वाक्याने ते खचले आणि मला फोन करून म्हणाले, सगळं फसलं. उलट बोलणं पोचल्याची मी ओळखलेली सर्वांत खात्रीची खूण हीच आहे. आपलं काम कुणाला तरी दिसलंय अशी खात्री पटल्याशिवाय माणूस तपशील सांगत नाही आणि तक्रारही करत नाही. बोलणं पोचलं नसेल तर ‘बरं, चहा घेता का?’ यावर संपतं.

यापुढची गोष्ट जरा कडू आहे, पण सांगायलाच हवी. कष्टाची वाटणी न करता केलेलं कौतुक कितीही नेमकं असलं, तरी ते त्या बाईला त्याच जागी आणखी घट्ट बांधतं. रात्रीसाठी मदतनीस ठेवायची आणि तिचा पगार त्यांनी द्यायचा, हा विषय त्यांनी भाऊ-वहिनींपुढे काढला, पण मुद्दाम काही दिवस थांबून. त्याच दुपारी काढला असता तर आभार ही त्याची प्रस्तावना ठरली असती. आणि एखादी बाई सक्तीने, मन मारून हे सगळं करत असेल, तर मी आभाराचा सल्ला देतच नाही. तिथे आधी कामाची वाटणी.

आता तुमच्या काकूंकडे येऊ. ‘परकं समजतेस का’ याचा अर्थ त्यांना आभार नकोत असा मी घेत नाही. दारात पर्स सावरत म्हटलेलं ‘थँक्यू’ त्यांना रोजच्या रोज हिशेब चुकता केल्यासारखं वाटत असणार. ते बंद करू नका, नाहीतर एकाएकी काय झालं असं त्यांना वाटेल. पण एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारभर त्यांच्याकडे जाऊन बसा. मुलगी त्यांच्याकडे असताना काय काय होतं ते बघा, मुलीलाही विचारा. भाजी कुठली खाते, रुसली की काकू काय करतात, गृहपाठाला कोण बसवतं. यातली एखादी गोष्ट अशी निघेल की जी करायची त्यांना काही गरज नव्हती, तरी त्यांनी केली. ती धरा. आधी ती गोष्ट सांगा, मग त्यातून त्या तुम्हाला कशा दिसल्या ते, आणि तुमच्या नोकरीचं सगळ्यात शेवटी.

नाटकी वाटेल ही भीती बोलणाऱ्यालाच जास्त असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी कृतज्ञतेची पत्रं लिहिली. वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा त्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी. लिहिणारे आपल्या शब्दांची चिंता करत होते, वाचणाऱ्यांना त्यातला जिव्हाळा दिसत होता. तेव्हा अडखळलात तरी चालेल. रडू आलं तर थांबा आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करा. तोंडी जमणारच नसेल तर चार ओळी लिहून न्या आणि त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवा, नुसता कागद देऊन येऊ नका.

बोलायला जाल तेव्हा मुलीला बरोबर नेऊ नका, काकूंचं सगळं लक्ष तिच्याकडेच राहील. भेटवस्तूही त्या दिवशी नको, ती दिवाळीला द्या. आणि उठण्याआधी त्यांचे गुडघे कसे आहेत, दुपारची विश्रांती मिळते का, एखादा दिवस त्यांना मोकळा हवा आहे का, हे विचारा. ‘हो’ म्हणाल्या, तर तो दिवस कसा जमवायचा याची बँकेतली व्यवस्था आधीच बघून ठेवा.