दिवसातून तीनदा डिओ मारला तरी काखेत शर्ट ओलाच

प्रश्न: मी ठाण्याहून लोअर परळला जातो, मे-जूनमध्ये तर ऑफिसला पोचेपर्यंत काखेत शर्ट पूर्ण भिजलेला असतो. दिवसातून तीनदा डिओ मारतो तरी फरक नाही. अँटीपर्स्पिरंट म्हणजे वेगळं काही असतं का, आणि ते अ‍ॅल्युमिनियमवालं खरंच काम करतं का?

उत्तर: तीनदा काय, दहादा मारलात तरी शर्ट भिजणारच, कारण डिओचं ते कामच नाही. घामाला मुळात फारसा वास नसतो, काखेतले बॅक्टेरिया त्याच्यावर ताव मारतात तेव्हा वास सुटतो. डिओ त्या बॅक्टेरियांना जरा आवर घालतो आणि वरून सेंट फवारतो, बस. घाम येतो तेवढाच येतो.

अँटीपर्स्पिरंट घाम बाहेर येण्याची वाटच अडवतं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, दुकानातल्या रोल-ऑनमध्ये बहुतेक अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट आणि जास्त घामवाल्यांसाठी मेडिकलमध्ये मिळतं त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. हा क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी शिरतो, तिथे घामातल्या पाण्याशी आणि प्रोटीनशी गाठ पडली की त्याचा चिकट जेलसारखा साका होतो आणि नळीला बूच बसतं. ग्रंथी मरत वगैरे नाही, वरची कातडी झडत जाते तसं काही दिवसांनी बूचही निघून जातं, म्हणून परत लावावं लागतं.

आता माझी फजिती सांगतो. मी डोंबिवलीचा, तुमच्यासारखाच लोकलचा प्रवासी. स्किनच्या डॉक्टरांनी २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं सोल्युशन लिहून दिलं आणि रात्री लावा म्हणाले, पण मला वाटलं घाम दिवसा येतो तर रात्री लावून काय उपयोग, म्हणून सकाळी काख शेव्ह केली, आंघोळ केली आणि ओल्या अंगावरच लावून निघालो. कोपर स्टेशनला पोचेपर्यंत अशी आग आग झाली की हात खाली ठेवता येईना, गर्दीत दोन्ही कोपरं बाहेर काढून उभा, शेजारचा काका सारखा वळून बघतोय. आणि शर्ट भिजला तो भिजलाच!

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पाण्यात मिसळलं की थोडं अ‍ॅसिड तयार होतं, ओल्या आणि नुकत्या शेव्ह केलेल्या कातडीवर तेच झोंबतं. शिवाय सकाळच्या घाईत घाम आधीच वाहत असतो, तो क्षाराला नळीत टिकूच देत नाही, धुऊन काढतो. रात्री झोपेत काखेतला घाम कमी असतो, सहा-आठ तास निवांत मिळतात, त्यात बूच नीट बसतं. सकाळी आंघोळीत वरचं धुतलं तरी चालतं, आतलं काम झालेलं असतं.

मग आग थांबल्यावर चार दिवस जाऊ दिले आणि नीट सुरू केलं. झोपायच्या आधी काख पुसून पंख्याखाली दहा मिनिटं हात वर करून बसायचं (बायको हसायची), पूर्ण कोरडं झालं की पातळसा एक हात फिरवायचा, तो वाळला की मगच बनियन. शेव्ह केल्यावर दोन दिवस नाही. पहिल्या दोन रात्री काहीच फरक नाही, पाचव्या दिवशी दादरला उतरलो तेव्हा शर्ट कोरडा. त्यानंतर रोज नाही, आठवड्यातून दोनदा पुरतं.

तुम्ही मात्र एकदम २० टक्क्यांवर उडी मारू नका. आधी साधं रोल-ऑन घ्या, पण मागचं लेबल वाचून, घटकांमध्ये अ‍ॅल्युमिनियम दिसलं पाहिजे, कारण आपल्याकडचे बरेचसे बॉडी स्प्रे म्हणजे नुसता सेंट आणि अल्कोहोल. ते दोन आठवडे रात्री लावून बघा, नाहीच जमलं तर डॉक्टर. किडनीचा आजार असेल तर आधीच विचारा. आणि तुरटी म्हणाल तर तीही अ‍ॅल्युमिनियमचीच, वासाला बरी, पण इतक्या घामाला ती पुरत नाही.

आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे पाठ आणि छाती भिजणारच, तिथे हे फासत बसू नका. काख म्हणजे अंगाचा एवढासा भाग, तो बंद केला म्हणून शरीर तापत नाही, बाकीचं अंग आहे की. पांढऱ्या शर्टावर पिवळे डाग पडतात ते बऱ्याचदा ह्याच क्षाराचे आणि घामाचे, त्याला माझ्याकडे उपाय नाही, मी ऑफिसला गडद रंग घालायला लागलोय.

एक मात्र बघा, घाम फक्त काखेत नसून अचानक सगळ्या अंगाला सुटायला लागला असेल, किंवा रात्री गादी भिजत असेल, वजन उतरत असेल, तर रोल-ऑन बाजूला ठेवा आणि थायरॉइड-शुगर तपासून घ्या.